पहिलं अक्षर शेवटी

"हल्लीचा दोरा म्हणजे नुसता नखरेल! सुईत जायचं नावच घेत नाही," मावशी शिलाई मशीनवर वाकून पुटपुटली.

"आण, ओवून देते," धाकटी म्हणाली.

"राहू दे. हात मोडलेत का माझे?"

धाकटी मावशीची भाची, थोरली मावशीची मुलगी. दोघींनी पन्नाशी ओलांडली, तरी सुट्टीत धाकटी इथेच यायची. दुकानात मावशीचं मशीन पुढे, थोरलीचं मागे.

एकदाचा दोरा ओवून मावशीनं मशीन सुरू केलं. तिनं मागे सरकवलेला शिवलेला फ्रॉक थोरलीनं उचलला, अन् थोरलीचा चेहरा उतरला. सहा वाजता गिऱ्हाईक येणार होतं.

"हीबा लटीउ," ती हळूच म्हणाली.

बाही उलटी. धाकटीला हसू फुटलं. चाळीस वर्षांपूर्वी याच मशीनखाली, चिंध्यांच्या ढिगावर बसून दोघींनी ही भाषा रचली होती. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, काना-मात्रेसकट शेवटी नेऊन बसवायचं. जोडाक्षर फोडायचं नाही. एकाच अक्षराचा शब्द दोनदा म्हणायचा. 'मला भूक लागली' म्हणजे 'लाम कभू गलीला'. जी अडखळेल तिनं दुसरीची वेणी घालायची. मावशीला 'वशीमा' म्हटलं तर ती लगेच मान वर करी, म्हणून तिचं नाव ठेवलं 'मशीन', म्हणजे 'शीनम'. मशीनची खडखड चालू असली की दोघी बिनधास्त बोलत.

"शीनलाम कळू येन," मावशीला कळू नये म्हणून धाकटी घाईघाईत म्हणाली.

"चुकलीस! 'ळूक'! घाल माझी वेणी," थोरली फिसकन हसली. मग गंभीर झाली. "न्हापु सवउ."

धाकटीनं टाके उसवायला घेतले. वर्षभर थोरली हेच करत होती. आईनं शिवायचं, हिनं मागे बसून उसवायचं, नीट शिवून गिऱ्हाइकाला द्यायचं, वर "आईच्या हातचं आहे हो" म्हणायचं. पण 'आता मशीन बंद कर', हे आईला सांगायचं कुणी?

पुढच्या मशीनची खडखड थांबली.

"न्हापु सवउ?" मावशीनं विचारलं.

धाकटीच्या हातातली कात्री निसटली.

"आई! तुला ही भाषा येते?"

"त्याच सुट्टीपासून. मशीनवाल्या बाईचे पाय अडकलेले असतात गं, कान मोकळेच की! अन् ती शीनम म्हणजे मी, हे तर पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलली का नाहीस कधी?" धाकटीनं विचारलं.

"बोलले असते तर दुसरी भाषा काढली असतीत. पुन्हा शिकायची कुणी?"

तिघी हसत सुटल्या. हसता हसता मावशीनं मशीनच्या थांबलेल्या चाकावर हात ठेवला, हसू ओसरेपर्यंत तसाच ठेवला. मग सुईतला दोरा काढून धाकटीच्या हातात दिला.

"लाम सतदि हीना," ती म्हणाली.

धाकटीच्या मनात अक्षरं आपसूक जागेवर येत होती, पण ती पुरी बसायच्या आतच मावशी म्हणाली,

"मला दिसत नाही गं, पोरींनो."