मधली रेघ

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहून नीलकंठशास्त्री पंचांग करत, आणि एकदा दिलेली वेळ ते कधी बदलत नसत. त्यांनी सांगितलेल्या मिनिटाला ग्रहण लागायचं. मग माणसाला थोडा तोरा असला तर बिघडलं कुठे?

ऑक्टोबरातल्या एका दुपारी त्यांच्या लेकीचा, मालविकाचा फोन आला. ती ओडिशात, गोपाळपूरजवळ, अगदी समुद्राला लागून राहायची. परवा सकाळी चक्रीवादळ किनाऱ्याला येणार होतं. तिच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं, नुसती कूस बदलली तरी त्या कळवळत. त्यांना निवाऱ्यात हलवायचं की नाही? ॲम्ब्युलन्स चार वाजता सुटणार होती.

शास्त्रींनी मोबाइलवर नकाशा उघडला. वादळाच्या मार्गाची रेघ गावाच्या दक्षिणेला, साठ किलोमीटरवर किनाऱ्याला टेकत होती.

"हलवू नकोस बेटा," ते म्हणाले. "रेघ तुमच्यापासून चांगली लांब आहे."

हे सगळं त्यांनी सून घरी आल्याबरोबर मोठ्या ऐटीत सांगितलं. देवयानी विद्यापीठात हवामानशास्त्र शिकवायची. तिचा चेहराच उतरला.

"बाबा, रेघ नका बघू. तिच्याभोवतीचा हा पुढे रुंदावत जाणारा पट्टा बघा. मागच्या वर्षांचे अंदाज जेवढे चुकले, तेवढी याची रुंदी. वादळाचं केंद्र यात कुठेही असू शकतं, कधी याच्या बाहेरही जातं. मालविकाताईंचं गाव यात आहे."

"पण गणित आहे ना?"

"ग्रहांचं आज नेमकं ठिकाण ठाऊक असतं. इथे ढगांखालचं केंद्रसुद्धा उपग्रहावरून अंदाजानं ठरवतात. त्याला ढकलणारे वरचे वारे उद्या किती वळतील, तेही पक्कं नाही. त्यात किनारा तिरका, वादळ थोडं वळलं तरी टेकायची जागा कितीतरी सरकते. आणि हा पट्टा नुसत्या केंद्राचा आहे. वारा-पाऊस त्याच्या बाहेरही झोडपतो. रेघ खरी ठरली तरी ताई वादळाच्या उजव्या अंगाला येतात, तिकडचा वारा समुद्र गावात लोटतो."

शास्त्रींनी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते. आपण पोटच्या पोरीला मुहूर्त सांगावा तसं सांगून मोकळे झालो, याची त्यांना भयंकर लाज वाटली. फोन त्यांनी स्वतःच लावला.

"मालविका, निघ. आईंना घेऊन आत्ता निघ."

"म्हणजे वादळ आमच्याकडेच येणार?"

"ठाऊक नाही मला." घरात हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. "नेमकं कुठे येणार, कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच निघ."

"आणि नाहीच आलं तर, बाबा? आईंचे उगाच हाल केले म्हणून त्या मला जन्मभर बोलतील."

"तर माझं नाव सांग," शास्त्री म्हणाले. "म्हणावं, माझ्या बापाचं गणित चुकलं."