वरच्या आळीची सुई

रघू रजेवर घरी आला तेव्हा शेवंताने आधी त्याचे पाय पाहिले. टाचांना भेगा, पोटऱ्यांवर बाभळीचे ओरखडे. परळच्या गुरांच्या कॉलेजातून बाहेर पडताना याच पायांत तिने स्वतः घेऊन दिलेले काळे बूट होते.

"बूट कुठायत रे?"

"तिकडं दवाखान्यात ठेवलेत. शेणात कोण घालणार?"

"मग काय अनवाणी फिरतोस? सरकारी डॉक्टर ना तू?"

"सायकलवर फिरतो आक्का. सायकल चढावर चालत नाही, तेवढंच अनवाणी."

शेवंता गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. आई गेल्यावर रघूला तिनेच वाढवला, शिकवला. चाळीतला पहिला डॉक्टर. माणसांचा नाही, पण डॉक्टर. पास झाला त्या दिवशी शेजारणी आपापली पोरं घेऊन आल्या. कुणाचा कान फुटलाय, कुणाला खरूज. "मावशी, मी गुरांचा," तो सांगत राहिला. "मग आमची पोरं काय वेगळी आहेत?" असं म्हणून शेजारची मालन हसली होती, आणि कानाचं औषध घेऊनच गेली होती.

तेव्हा त्याच्यासमोर तीन नोकऱ्या होत्या. गुजरातेतल्या एका डेअरी कंपनीत पगार सगळ्यांत मोठा, वर राहायला खोली. काम मात्र दिवसभर खांद्यापर्यंत हात घालून म्हशी गाभण आहेत की भाकड ते सांगायचं. शेवंताचा नवरा दत्ताराम संयुक्त महाराष्ट्र समितीच्या मोर्चातून नुकताच घसा बसवून आला होता. तो त्या बसल्या आवाजात म्हणाला, "रघुनाथराव, आम्ही इकडं राज्य वेगळं मागतोय आणि तुम्ही तिकडं बिऱ्हाड करा. उद्या आम्ही जिंकलो की तुम्ही परमुलखात!" दुसरी नोकरी गिरगावातल्या एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरकडे. पगार गिरणीतल्या रोजावरच्या बदली कामगाराएवढाच. पण डोक्यावर पंखा आणि टेबलावर शेठाण्यांची कुत्री. तिसरी सरकारी. घाटावरच्या गावातला गुरांचा दवाखाना, भोवतालची वीस-पंचवीस गावं. पगार मधला, पेन्शन पक्कं. रघूने तीच घेतली.

आता सहा महिन्यांनी तो चटईवर बसून भाकरी मोडत होता. शेवंता वारा घालत राहिली. शेवटी तोच म्हणाला, "आक्का, बाबा गाव सोडून का आले होते?"

तिचा पंखा थांबला. हे त्याला ठाऊक होतं. चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. गावची मेलेली ढोरं ओढायची नाहीत म्हणून बापाने एका रात्रीत घर सोडलं होतं.

"कोण काय बोललं तुला?"

मग त्याने सांगितलं. बाजारातून येणाऱ्या व्यापाऱ्याचा बैल गावाच्या वेशीवर मेला. तोंडात फोड, मागून पाण्यासारखे जुलाब. रघूने फाडून आतडं पाहिलं, आत लाल पट्टे उमटलेले. बुळकांडी. एका गुराला झाली की गोठे साफ करणारी. तो हात धूत होता तर पाटील म्हणाला, "बघून झालं ना? मग आता ओढूनबी टाका. घरचंच काम तुमचं."

दत्ताराम ताटावरून उठला. "आणि तू काय केलंस?"

"बैल पुरायचा असतो भावोजी. खोल, चुना टाकून. ओढला नाही. पण खड्डा कुणी खणेना. मी आणि दवाखान्याचा शिपाई, आम्हीच खणला."

लस बर्फात ठेवावी लागते. रघू एस.टी.ने तालुक्याहून भुशातला बर्फ आणायचा आणि तो विरघळायच्या आत जनावरं टोचायचा. खालच्या आळीने टोचून घेतली. वरच्या, पाटलाच्या आळीने नाही. त्याने हात लावलेल्या जनावराचं दूध देवाला चालेल का, असा वरच्या आळीचा सवाल होता. त्यात खालच्या आळीच्या गुरांना ताप भरला, दूध आटलं. मग तर बोलायलाच नको. डॉक्टरने विष टोचलं.

"खरंच ताप येतो?" शेवंताने विचारलं.

"या लसीने येतोच. आठवडाभरात उतरतो. मग दूध परत येतं, आणि जनावर पुन्हा त्या रोगाला भीत नाही. ते बघितलं की वरची आळी येईल आपणहून. लसही संपलीय, नवी पुढच्या आठवड्यात येते. म्हणून तर आलो चार दिवस."

"येईल म्हणतोस. आली म्हणजे पाणी तरी देतील का तुला?"

रघूने भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"वरून ओततात ना?"

"एक सीताराम आहे वरच्या आळीतला," तो सावकाश म्हणाला. "तो ओततो. बाकीचे तेही नाही."

शेवंताने ताटं उचलली. सकाळी मात्र पाणी भरताना बोलायला लागली ती थांबली नाही. दोन वर्षांपूर्वी दादरला लाखो माणसांत उभं राहून आपण काय म्हटलं? बाबासाहेबांच्या चितेसमोर दीक्षा घेताना? ते काय पुन्हा वेशीबाहेर उभं राहायला? गिरगावचा पारशी अजून माणूस शोधतोय. पगार कमी तर कमी, मी कमावते आहे. तिथं कुणी जात विचारणार नाही. कुत्र्याची विचारतील फार तर.

"आणि ती वरची आळी?" रघू म्हणाला.

"दुसरा डॉक्टर येईल. सरकारी खुर्ची कधी रिकामी राहते का?"

तो हसला. त्याच दिवशी त्याने राजीनामा पाठवला.

गिरगावात त्याचं बरं चाललं. कान धुवायचे, नखं कापायची, पिसाळल्या कुत्र्यापासून बचावाची सुई. शेठाण्या त्याला "डॉक्टरसाब" म्हणायच्या. काळे बूट त्याने दवाखान्यातून मागवून घेतले होते आणि रोज घासायचा. शेवंता ते पाहून सुखावायची. फक्त जेवताना तो हल्ली दत्तारामच्या विनोदांना एक घास उशिरा हसायचा.

दिवाळीनंतर चाळीच्या जिन्यात एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला मुंडासं, काखेत पिशवी.

"रघुनाथ डाक्तर हितंच ऱ्हात्यात का? म्या सीताराम."

शेवंताने त्याला ओळखलं, नावाने. तिने आत बोलावलं. मनात आलं, बघू या हा आता काय करतो. तांब्या-भांडं पुढे ठेवलं. सीताराम भांड्याला ओठ लावून सगळं पाणी प्यायला आणि म्हणाला, "आणखी द्या बाय. लांबनं आलो."

रघू घरी येईपर्यंत तो तसाच भिंतीला टेकून बसला होता. रघू दारातच थांबला.

"सीतारामभाऊ! इकडं कुठं?"

"भाच्याकडं आलोय करी रोडला. म्हटलं, तुमची गाठ घ्यावी." त्याने मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "खालच्या आळीचा ताप उतरला बगा. तुमी म्हनला हुता तसाच. तवा आमी वरच्या आळीची समदी जनावरं दवाखान्याम्होरं आणून बांधली. पाटलानं सोता आणली. शिपाई म्हनला, डाक्तर मुंबैला गेलं."

"दुसरे आले असतील ना?" शेवंता पटकन म्हणाली.

"खुर्ची हाय की. त्यावर कोंबडी बसती." सीताराम जरा हसला. मग हसू गेलं. "आमी रोज न्हेली जनावरं. लस आली हुती म्हनं, बर्फाबिगर नासली. मंग रोगच आला."

रघूने विचारलं, "आधी डोळ्यांतून पाणी? मग तोंडात कोंडा भुरभुरल्यासारखं?"

"तसंच."

"किती राहिली?"

"खालच्या आळीची समदी हायती." सीताराम मुंडाशाचा पदर बोटांनी सरळ करत राहिला. "वरल्या आळीत माज्याकडं एक कालवड ऱ्हायली. ती तुमी गुपचूप टोचली हुती, मी पाणी पाजलं त्या दिशी. आठवतंय?"

रघूने मान हलवली.

"पुरली का सगळी?" त्याने विचारलं. "खोल?"

"पुरली. आमीच खणलं. पाटीलबी हुता खणाया." सीताराम उठला. "रागावून न्हाई आलो डाक्तर. तुमचंबी बरोबर हुतं. निस्तं सांगावं वाटलं, की आमी आलो हुतो."

तो गेल्यावर रघू उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला. एक गाठ बसली होती, ती त्याला सुटेना. शेवंता खाली बसली, त्याचा हात बाजूला केला आणि नखाने गाठ सोडवू लागली.

"उद्या चौकशी कर," ती खाली पाहतच म्हणाली. "खुर्ची रिकामी आहे म्हणतो."

"आता कशाला आक्का?" रघू म्हणाला. "वरच्या आळीत टोचायला गुरं कुठायत?"