हक्कसोडपत्र

शाखेच्या मॅनेजरने फाइल टेबलावर ठेवली नाही, आपटली.

"सगळं पूर्ण आहे. दुपारपर्यंत पैसे सुटले पाहिजेत. पार्टी बाहेर बसलीय."

समोरच्या बाई कर्जवितरण तपासणी अधिकारी होत्या. मंजूर झालेल्या कर्जाचे पैसे हातात पडण्याआधी शेवटची नजर त्यांची. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठ फिरली की चाळणी. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे.

शाखेने खुणा करून पाठवलेला तक्ता त्यांनी नेहमीप्रमाणे बाजूला सरकवला आणि मूळ मंजुरीपत्र उघडलं. पैसे सोडायची घाई असलेल्या माणसाने बनवलेल्या तक्त्यावर त्या कधी विसंबत नसत. मंजुरीपत्रातली एकेक अट वाचायची, तिच्यासमोर कागद ठेवायचा, कागदावरची सही आणि तारीख बघायची, मग पुढे जायचं. संचालक मंडळाचा ठराव होता. मालकाने स्वतःचा हिस्सा आधी भरल्याचा लेखापालाचा दाखला होता, त्याला जुळणारा खात्याचा उताराही होता. विम्यावर बँकेचं नाव होतं. यंत्राचं कोटेशन होतं. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना; नवं छपाईयंत्र घ्यायचं होतं आणि कारखान्याची जमीन तारण राहणार होती.

मग ती अट आली: 'वकिलांच्या अभिप्रायात नमूद केलेल्या सर्व बाबींची पूर्तता रक्कम देण्यापूर्वी करावी.' शाखेच्या तक्त्यात त्यापुढे लिहिलं होतं, 'अभिप्राय मिळाला', आणि ठसठशीत खूण.

मॅडमनी अभिप्राय शेवटच्या पानापर्यंत वाचला. जमीन मालकाच्या वडिलांच्या नावावर होती. वडील गेल्यावर वारस तिघे: आई, मुलगा, मुलगी. आईने मुलाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून दिलं होतं. मुलीचं काहीच नव्हतं. वकिलांनी स्पष्ट लिहिलं होतं, मुलीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावं, नाहीतर तिने सहमालक म्हणून गहाणखतात सामील व्हावं.

"हे कुठंय?" त्यांनी पान मॅनेजरपुढे धरलं.

"अहो, घरचीच बहीण आहे. नंतर घेऊ की."

"नंतर घ्यायचं असेल तर मंजुरी समितीकडून तसं लेखी आणा. अट त्यांनी घातलीय, सैल करायची तर त्यांनीच. तुम्ही नाही, मी नाही."

"एका कागदासाठी अडवताय? महिनाअखेर आहे!"

"अभिप्राय मिळाला म्हणजे त्यातलं केलं असं नसतं. तुम्ही शेवटचं पान वाचलं होतं का?"

मॅनेजरचे कान लाल झाले. दार ढकलून तो बाहेर गेला आणि कारखान्याच्या मालकालाच आत घेऊन आला. स्वतः बोलण्यापेक्षा गिऱ्हाइकाला ओरडू द्यावं, असा त्याचा हिशेब असावा.

गिऱ्हाईक ओरडलंच. "तुम्हाला कळतंय का, यंत्रवाला माझ्यासाठी थांबलाय! आज पैसे गेले नाहीत तर तो माझं यंत्र दुसऱ्याला देईल. तुमच्या मॅनेजरनं मला सांगितलं, सगळं झालंय!"

"तुमच्या बहिणीनं हक्क सोडलाय का?" मॅडमनी विचारलं.

"सोडेल ना! आमच्याच कारखान्यात काम करते ती. माल चढवणं-उतरवणं सगळं तीच बघते. तिला विचारायचं काय त्यात? संध्याकाळी सही आणून देतो."

"साधी सही चालणार नाही. नोंदणी लागेल. आणि तिला विचारायचंच आहे त्यात."

तो तावातावाने निघून गेला. दाराची काच बराच वेळ थरथरत राहिली. मॅडमनी अभिप्रायाचं शेवटचं पान फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं. 'तिला विचारायचं काय' हे वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडली तेव्हा बहीण दारातच उभी होती. पायांत जड बूट, बाहीवर पुठ्ठ्याचा भुसा. हातात वकिलांनी तयार केलेला हक्कसोडपत्राचा मसुदा, चुरगळलेला. भाऊ तिच्या मागे, मॅनेजर त्याच्याही मागे.

"मला हे मालाच्या पावत्यांमध्ये घालून दिलं," ती मॅडमना म्हणाली. आवाज वर गेला नव्हता, पण शब्द आवळलेल्या दातांमधून येत होते. "पावत्यांमध्ये! म्हणे, ताई, इथे पटकन सही कर, गाडी थांबलीय. मी वाचलं म्हणून कळलं. बाबा गेल्यापासून माल चढवायच्या धक्क्यावर उभी आहे मी. हा ऑफिसात बसतो."

"ताई, इथे नको," भाऊ म्हणाला.

"मग कुठे? घरी कधी बोललास? आईची सही घेतलीस तेही मला आज या कागदातून कळतंय!"

"कारखाना वाढला तर तुझंच भलं आहे ना?"

"माझं भलं मला न सांगता करतोस?"

मॅनेजर मध्ये पडला. "मॅडम, आपण समजूत घालू. सही झाली की..."

"तुम्ही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्या पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात.

मग त्या बहिणीकडे वळल्या. "हक्क सोडायलाच पाहिजे असं नाही. दुसरा रस्ता वकिलांनीच दिलाय. तुम्ही सहमालक म्हणून गहाणखतावर सही करू शकता. तुमचा वाटा तुमचाच राहील."

"आणि कारखाना बुडाला तर?"

"तर बँक तुमच्या वाट्यावरही हात घालेल. हे मी गोड करून सांगणार नाही. आमचा वकील बँकेचा आहे. तुम्ही तुमचा वेगळा वकील बघा, मग ठरवा. आणि काहीच करायचं नसेल तर सरळ नाही म्हणा."

"नाही म्हटलं तर?"

"तर या जमिनीवर पैसे सुटणार नाहीत."

भाऊ खुर्चीत बसला. पहिल्यांदाच त्याने बहिणीकडे नीट पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

तिने मसुदा उभा फाडला. "यंत्र हवंय मलाही. जुनं यंत्र बंद पडलं की शिव्या मला खाव्या लागतात, याला नाही. पण हक्क सोडणार नाही. वकिलाला दाखवते, मग सहमालक म्हणून सही करते."

तारण देणाऱ्यांत एक नाव वाढणार होतं, त्यामुळे मॅनेजरला समितीकडे टिपण पाठवावं लागलं. सुधारित मंजुरीपत्र आलं, दोघा भावंडांनी ते स्वीकारल्याच्या सह्या केल्या, गहाणखत नोंदवून झालं. मॅडमनी सगळी फाइल पुन्हा पहिल्या अटीपासून वाचली आणि मगच रक्कम थेट यंत्रवाल्याच्या खात्यात गेली. तोवर ठरलेलं यंत्र दुसऱ्याने नेलं होतं. यांना पुढच्या खेपेची वाट बघायला सांगण्यात आलं. भावाने त्याचा सगळा राग मॅनेजरवर काढला, मॅनेजरने वरच्या साहेबांकडे मॅडमची तक्रार केली. उशीर तपासणीमुळे झाला, असं त्याने लिहिलं. मॅडमनी उत्तरादाखल अभिप्रायाचं शेवटचं पान जोडून पाठवलं आणि खाली एकच ओळ लिहिली: 'हे पान शाखेत पहिल्याच दिवशी होतं.'

पैसे सुटले त्या दिवशी भावंडं बँकेतून बरोबरच बाहेर पडली. भावाने गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. बहीण म्हणाली, "राहू दे, मी चालत जाते." आणि ती खरोखरच चालत निघाली, बूट आपटत, कारखान्याच्या दिशेने.