तेलकाठीची नोंद

राजेश्वरी हत्तुरे सोलापुरातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायची. जिल्ह्याच्या संस्कृतिकोशासाठी तिच्याकडे एक नोंद लिहायला आली होती: हिरेकट्टीची तेलकाठी. दुधनीच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. माघात तिथं तेल पाजलेली उंच काठी देवळासमोर उभी करतात. नोंदीला मर्यादा दोनशे शब्दांची. त्यात वर्णन, इतिहास, आजचं स्वरूप, सगळं बसवायचं. एक शब्दही जास्त चालणार नव्हता, आणि कुणाची बाजू घ्यायची नव्हती.

गावात गेल्यावर तिला कळलं की बाजू न घेणारं कुणी असतं, हे इथं कुणाला खरं वाटत नाही.

देवळाचे पुजारी सिद्धलिंगप्पा यांनी आधी तिचं आडनाव विचारलं, मग आजोळ. आजोळ शेजारच्या गावातलं निघाल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"म्हंजे काठीकरांच्या सोयऱ्यातल्या?"

"नाही हो. ओळखही नाही."

"बरं." त्यांनी स्वतःचा मोबाइल समोर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. "मी जे सांगतो ते माझ्याकडं बी असू द्या. उत्सव आमच्या मूळपुरुषानं सुरू केला. देवाचा दृष्टांत झाला, मग काठी आली."

काठी वाहण्याचा मान असलेल्या काठीकरांच्या घरी म्हातारी चंद्रव्वा बोलायलाच तयार नव्हती. "ब्याड, नको. ते फोन पिशवीत घाल आधी." फोन पिशवीत गेला तरी तिची नजर पिशवीवरच. "काठी आमच्या माणसांनी आणली. तवा देऊळ कुटं होतं? पण तू हितं एक लिवणार, तितं जाऊन ते बदलणार."

"अव्वा, कोण बदलेल?"

"ते मला काय म्हाईत? पुजाऱ्याकडं आधी गेलतीस की."

लेखी पुरावा म्हणाल तर एका जुन्या गॅझेटियरमध्ये जत्रेचा उल्लेख एका ओळीत होता. कुठल्याच घराचं नाव नाही. देवळाच्या शिलालेखात फक्त जीर्णोद्धाराचं साल.

लिहायला बसल्यावर राजेश्वरीच्या लक्षात आलं, जागा खातात ते साल किंवा वर्णन नव्हे, हे कोण म्हणतं ते सांगणारे शब्द. 'पुजारी घराण्याच्या परंपरेनुसार' हे तीन शब्द. 'काठीकर घराणे असे मानते' हे चार. तिनं 'भव्य' काढलं, 'प्राचीन' काढलं, 'भक्तिमय वातावरणात' काढलं. काठी उभी राहताना सगळं पटांगण गप्प होतं, हे तिला फार आवडलेलं वाक्यही काढलं. तरी वीसेक शब्द वर जातच होते. 'जमले तर संपादनात बसवावे' असं लिहून तिनं मजकूर पाठवला.

पंधरवड्यानं सिद्धलिंगप्पांचा फोन आला. आवाजात पहिल्यांदाच गोडवा.

"बाई, खरं लिवलंत. लई बरं वाटलं."

"तुम्ही कुठं वाचलंत?"

"आलंय की आमच्याकडं, छापायच्या आधीचं पान."

राजेश्वरीला अजून तिचं मुद्रित आलं नव्हतं. तिनं ते त्यांच्याकडूनच मागवून घेतलं. फोनच्या पडद्यावर वाक्य होतं: 'हा उत्सव पुजारी घराण्याच्या मूळपुरुषाने सुरू केला. काठी वाहण्याचा मान काठीकर घराण्याकडे आहे.'

'परंपरेनुसार' गायब. काठीकरांचं म्हणणं गायब, उरला फक्त मान. पान लेखिकेच्या आधी पुजाऱ्यांकडे. चंद्रव्वाचं बोलणं तिला आठवलं, आणि संपादक दिग्विजय माने यांचा हसरा चेहरा एकदम वेगळाच दिसू लागला. सिद्धलिंगप्पांची यांच्याशी ओळख कधीपासूनची?

दुसऱ्या दिवशी ती कोशाच्या कार्यालयात गेली. दिग्विजय माने मूळचे माढ्याचे, शांत माणूस. त्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"सर, हे पान हिरेकट्टीला कसं गेलं?"

"फोटो त्यांचा आहे, मॅडम. फोटोओळ तपासायला पान पाठवलं. सगळ्या नोंदींचं तसंच करतो."

"आणि वाक्य कुणी फिरवलं?"

"आता विषय निघालाच आहे तर विचारतो. तुमचं आजोळ हिरेकट्टीच्या शेजारचं ना? मला निनावी फोन आला होता. तुम्ही काठीकरांच्या नात्यातल्या आहात म्हणून."

"म्हणून तुम्ही त्यांचा दावा उडवलात?"

"मी उडवला नाही. पण फोननंतर तुमचा मजकूर दोनदा वाचला, हे खोटं सांगत नाही."

कोपऱ्यातल्या संगणकावरून सहायक संपादक वैष्णवी उठून आली. तिचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, मी केलं ते. एकवीस शब्द जास्त होते. आणि आपल्या नियमावलीत आहे ना, 'असे म्हणतात', 'असे मानतात' टाळा, विधान ठाम करा. म्हणून मी तेच शब्द काढले. ठाम केल्यावर दोन्ही मूळपुरुष एकत्र बसेनात, म्हणून एकच ठेवला."

"पुजाऱ्यांचाच का?"

"तो आधी आला होता, एवढंच."

राजेश्वरीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. काही लपवलेलं दिसेना. ती अखेर खुर्चीवर बसली.

"'असे म्हणतात' मध्ये म्हणणारा नसतो, म्हणून ते टाळायचं," ती म्हणाली. "माझ्या वाक्यात म्हणणारा होता. तो काढला की कोशच म्हणायला लागतो."

माने यांनी मान हलवली आणि पेन्सिल घेतली. तिघं एका पानावर वाकले. देवळाच्या स्थापत्याचं वाक्य गेलं, ते देवळाच्या नोंदीत येणारच होतं. जत्रेतल्या बैलबाजाराची माहिती तीन शब्दांत आली. शेवटी उरलं ते असं: 'उत्सवाच्या आरंभाविषयी काठीकर आणि पुजारी या घराण्यांच्या परंपरा भिन्न असून प्रत्येक घराणे त्याचे श्रेय आपल्या मूळपुरुषाला देते. लेखी पुरावा उपलब्ध नाही.'

"काठीकर आधी का, असं विचारतील," वैष्णवी म्हणाली.

"अकारविल्हे. 'क' आधी, 'प' नंतर," माने म्हणाले. "आणि विचारणारच."

विचारलंच. सिद्धलिंगप्पांनी नवीन पान वाचून आपला फोटो परत मागितला. चंद्रव्वाला राजेश्वरीनं फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "परंपरा भिन्न म्हंजे? आमी खोटं बोलतो असं लिवलंय व्हय?"

फोटो गेल्यामुळे पानावर जागा मोकळी झाली. माने यांनी त्या नोंदीला पंधरा शब्द वाढवून दिले. त्यांत काय घालायचं? राजेश्वरीनं पुन्हा चंद्रव्वाला फोन लावला आणि विचारलं, दोन्ही घरं मिळून काही करतात का?

चंद्रव्वानं आधी उलट विचारलं.

"हे कशाला पायजे तुला?"

"लिहायला."

"काठीला तेल बायका पाजतात. आमच्या बी, त्यांच्या बी. एका घरच्यांनी होतंय व्हय ते? दिवसभर चोळावं लागतंय."

हे गावात कुठल्याच पुरुषानं सांगितलं नव्हतं. तरी एका तोंडचं ऐकून लिहायचं नाही, म्हणून तिनं सिद्धलिंगप्पांच्या पत्नीला, गौरम्माला गाठलं.

"व्हय, पाजतो की," गौरम्मा म्हणाली, आणि लगेच सावध झाली. "तिनं सांगितलं का? कुणाचं नाव आधी घालणार?"

"कुणाचंच नाही. 'दोन्ही घराण्यांतील स्त्रिया' एवढंच."

गौरम्मानं ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "घाला. पण आमच्या मालकांना मी सांगितलं म्हणू नका."

राजेश्वरीनं वाक्य लिहिलं, शब्द मोजले. पंधरात एक कमीच भरला. ती जागा तिनं तशीच मोकळी सोडली.