तिरकं लेबल

पिरंगुटजवळच्या भरे या गावात रत्नाबाईंच्या नजरेतून सुटेल असा भाडेकरू अजून जन्माला यायचा होता. वरच्या खोलीतली अपूर्वा तर त्यांना पहिल्यापासूनच खटकत होती. लातूरकडची, आयटीत नोकरीला, सुट्टीच्या दिवशीही दार लावून बसणारी. त्यात पर्समध्ये कसल्याशा गोळ्या.

त्यामुळे सकाळी ती जिन्यात घामाघूम होऊन थरथरताना दिसली, तेव्हा बाईंनी मनातल्या मनात निकालच लावून टाकला. डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्या होत्या!

"नशापाणी करतीस व्हय गं?"

"नाही हो काकू. पोट बिघडलंय... काहीच सुचत नाहीये."

बाईंनी सरळ पर्स उपडी केली. गोळ्यांचं एक पाकीट आणि एक प्लास्टिकची बाटली निघाली. दोन्ही पुरावे ओच्यात बांधून त्यांनी पोरीला रिक्षात घातलं. डॉक्टरांसमोरच हिचं बिंग फोडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पिरंगुटच्या अलीकडे त्यांनी बाटली नीट पाहिली. लेबल तिरकं होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटवलेलं. बाटली त्यांच्या लेकाच्या, निरंजनच्या दुकानातली होती. जिमच्या पोरांना पावडरी विकता विकता तो आता या बाटल्यांतून झोपेच्या गोळ्याही विकत होता.

दवाखान्यात डॉक्टर उत्कर्षाताईंनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"नैराश्यासाठी सर्ट्रालिन, सहा महिने. दुसरं औषध काही नाही."

पोरगी खोटं बोलत नव्हती. "हे औषध न्हाई, बियांचा अर्क हाय," असं निरंजन प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा. बाईंनी ते शंभरदा ऐकलं होतं, कौतुकानं.

डॉक्टरांनी अपूर्वाचं पाऊल झटकन वर दाबून धरलं. पाऊल आपोआप धडधड उडू लागलं. अंगात ताप होता, नाडी पळत होती. "आणखी काहीतरी पोटात गेलंय. नीट आठव. जिवाशी खेळ आहे."

अपूर्वाला धड बोलताही येईना. बाईंचा हात ओच्यावर घट्ट बसला होता. बाटली गटारात टाकली असती तर कुणाला कळलं असतं? पण पोरीचं पाऊल अजून उडतच होतं. त्यांनी गाठ सोडली आणि बाटली पुढे केली.

"फाइव्ह एचटीपी!" लेबल वाचून डॉक्टर ओरडल्याच. "शरीरात याचंच सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन बनतं. सर्ट्रालिनही तेच वाढवतं. दोन्ही एकत्र घेतली की विष होऊ शकतं. आज दोन्ही बंद. पुढचं मोठ्या हॉस्पिटलात ठरेल, ताबडतोब हलवायला हवं." अँब्युलन्सला फोन लावता लावता त्यांनी विचारलं, "ही बाटली आणली कुठून हिनं?"

"माज्याच घरातनं," रत्नाबाई म्हणाल्या. त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग त्यांनी निरंजनला फोन लावला. तो नेहमीसारखा हसत बोलला, "काय गं आई?"

"दुकान बंद कर आन् वही काढ. ह्या बाटल्या आनखी कुनाकुनाला दिल्यास?"



"आई," निरंजन हळूच म्हणाला, "मी कुटं वही ठिवतो? कुनाकुनाला दिल्या, मलाच ठावं न्हाई."