टीव्हीला दिलेला स्टॅबिलायझर

हौसरावांच्या घरात तिघं बोलायचे. एक टीव्ही, दुसरी गोठ्यातली गाय आणि तिसरा फ्रिजच्या वर भिंतीला ठोकलेला स्टॅबिलायझर. हौसराव चौथे, पण त्यांच्याकडं ऐकायचं काम होतं.

इनामगावच्या शिवारात, घोड नदीच्या अंगाला त्यांची वस्ती. वस्ती म्हणायची, पण घर एकच. शेजाऱ्याचं घर उसापलीकडं, तेही ऊस तुटून गेला तरच दिसणार. बायको साखरबाई जाऊन दोन वर्षं होत आलेली. एकुलती लेक नीलम दौंडला. जावई रेल्वेत, नात प्राची नववीत. दौंड काही लांब नाही. पण जवळच्या गावाला जायचं तेच तर राहून जातं. कधीही जाता येतं ना, मग आजच कशाला?

गाय व्याली तेव्हा हौसरावांनी पहिल्या धारेचा चीक स्टीलच्या डब्यात भरला आणि फ्रीजरमध्ये ठेवला. साखरबाईचा शिरस्ताच होता तो. गाय व्याली की पहिला खरवस लेकीचा आणि नातीचा, आणि तो ह्याच घरात, ह्याच ओट्यावर बसून खायचा. तोवर घरातल्या कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. साखरबाई गेल्यावर गाय पहिल्यांदाच व्याली होती. म्हणजे आता शिरस्ता पाळायला हौसराव एकटेच उरले होते.

"आबा, प्राचीची चाचणी आहे," नीलम फोनवर म्हणाली. "फ्रीजरमध्ये राहतोय की चीक. पुढच्या रविवारी येतो."

पुढच्या रविवारी जावयाची ड्यूटी निघाली.

"राहू दे की," हौसराव म्हणाले. "चीक कुठं पळून चाललाय व्हय."

"टीव्ही चालूय वाटतं? आवाज येतोय."

"हाय ना चालू."

"मग बरंय. करमतंय तुम्हाला."

हौसरावांनी पडद्याकडं पाहिलं. कुणी एक बाई कुणा दुसऱ्या बाईला घरातून हाकलत होती. ती कोण, का हाकलतेय, त्यांना काही ठाऊक नव्हतं. "व्हय," ते म्हणाले, "करमतंय."

मग एका संध्याकाळी डीपीवरची, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रलची तार ढिली झाली आणि लाइट एकदम चढली. घरातला बल्ब लग्नातल्या हॅलोजनसारखा पेटला आणि फट् करून गेला. टीव्हीखालच्या छोट्या स्टॅबिलायझरमधून जळका वास आला, धुराची एक रेघ निघाली आणि सगळं शांत झालं. वायरमनने तार आवळून दिली. टीव्ही वाचला होता. सगळा मार त्या छोट्या डबड्याने स्वतःच्या अंगावर घेतला होता.

आता टीव्ही उघडा पडला. तार परत ढिली झाली तर तोही जाणार. हौसरावांनी दोन दिवस टीव्ही बंद ठेवून पाहिला. दिवेलागणीला गाय बांधून आत आलं की घर असं काही गप्प असायचं की स्वतःच्या चपलांचा आवाजही मोठा वाटायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजच्या वरचा स्टॅबिलायझर उतरवला, तो टीव्हीला जोडला आणि फ्रिजची पिन थेट बोर्डात घातली. फ्रिज काय, मुका प्राणी. कसाही राहील.

हा स्टॅबिलायझर फ्रिजचा, त्यामुळं त्याची एक खोड होती. लाइट जाऊन आली की तो ती लगेच पुढं सोडत नसे. दोन-तीन मिनिटं पिवळा दिवा लावून बसायचा, मग टक् करून हिरवा. तेवढा वेळ हौसराव काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. पडद्यात त्यांचंच टोपी घातलेलं डोकं दिसायचं.

त्या आठवड्यात शेतीच्या मोटारींची थ्री फेज लाइट दिवसा होती. कांद्याला पाणी चाललेलं, आणि डीपीवरच्या प्रत्येक मोटारीला ऑटो बसवलेला. म्हणजे लाइट आली की माणूस जागेवर असो नसो, साऱ्या मोटारी एकाच दमात उठणार. त्या उठल्या की वस्तीवरचा बल्ब तांबडा पडायचा. अशा वेळी फ्रिजमधून आवाज यायचा: हूं… आणि मग टक्.

ते टक् ऐकून हौसरावांना बरं वाटायचं. इतकी वर्षं फ्रिजकडून टक् आलं की साखरबाई म्हणायची, "चाललंय त्याचं काम." दार उघडलं की आतला दिवाही लागायचा, जरा मलूल, पण लागायचा. म्हणजे सगळं ठीक. स्टॅबिलायझर आता त्या भिंतीवर नाहीच, मग टक् करतंय कोण, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. ओळखीचा आवाज आला की माणूस बघायला उठत नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी फ्रीजर उघडला. उद्या रविवार, ह्या खेपेला जावई नीलम-प्राचीला घेऊन येणार होते. बर्फाच्या कडा पाण्यात पोहत होत्या. डबा हलवला तर आत चीक डुचमळला.

हौसरावांनी डबा तसाच छातीशी धरला आणि न्हावऱ्याच्या नवनाथला फोन लावला. फ्रिज-टीव्ही दुरुस्त करणारा तोच एक, वस्तीवर बोलावलं की येणारा.

नवनाथ आला, फ्रिजमागं वाकला, हात लावला आणि झटकन काढून घेतला. "आबा, तवा झालाय नुसता ह्याचा. स्टॅबिलायझर कुठंय?"

"टीव्हीला दिलाय."

नवनाथने टीव्हीकडं पाहिलं, मग आबांकडं. "मालिकांसाठी व्हय? आजी असत्या तर तुम्हालाच फ्रिजमागं उभं केलं असतं."

"आवाज तर करत हुता की. टक् करत हुता."

"ते टक् वेगळं हो. ऐका." त्याने मीटरच्या दोन सुया बोर्डात घातल्या. "एकशे पंचावन व्होल्ट. एवढ्यात कॉम्प्रेसरची मोटर उठंना. नुसती हूं करती, करंट ओढती, तापती. लई तापली की तिच्या बुडाशी एक बारकं संरक्षण बसवलेलं असतंय, ते टक् करून तिला तोडतं. गार झाली की परत जोडतं, परत हूं, परत टक्. दिवसभर बिचारी उठायलाच बघती. रात्री मोटारी बंद झाल्या की उठत असंल, म्हणून एवढे दिवस कळलं न्हाई."

"आन् स्टॅबिलायझरचं टक्?"

"त्याच्या आत तारेचं वेटोळं असतंय, टप्प्याटप्प्यावर फाटे काढलेलं. बाहेर लाइट पडली की ह्यो टक् करून फाटा बदलतो, चढवून देतो. वर गेली की उतरवून देतो. बाहेर कितीबी नाचू दे, फ्रिजला दोनशे-दोनशेवीसच्या आसपासच मिळतं. आन् लईच चढली-उतरली तर सरळ तोडून टाकतो."

"मग ते पिवळा दिवा लावून बसायचं काय?"

"लाइट जाऊन लगीच आली तर गॅसचा दाब उतरलेला नसतो. तसल्या दाबावर मोटर उठवली तर जळायची. म्हणून थांबतो. टीव्हीला कशाला पाहिजे ते? कमी लाइटीवर तुमचा टीव्ही निभावतो. त्याला भ्या हाय ते चढलेल्या लाइटीचं."

"दोन्ही ह्याच्यावरच जोडता येत्याल का?"

"नगा. जुनाय, एकट्या फ्रिजच्या ओझ्याचाच हाय. टीव्हीसाठी दुसरा आणून देतो शिरूरवरनं, चार-आठ दिवस लागतील. तोवर एकालाच मिळंल. सांगा कुणाला देऊ?"

प्रश्न साधा होता. तरी हौसरावांनी एकदा टीव्हीकडं बघून घेतलं. मग म्हणाले, "फ्रिजला दे."

नवनाथने डबा उघडून बोट लावलं. "मऊ पडलाय, पण गार हाय अजून. परत गोठवू नगा. आजच शिजवा." पाना पिशवीत टाकता टाकता तो म्हणाला, "मोटर गार होऊ द्या, मग पिन घाला. वाचली असंल तर चालू हुईल. न्हाई तर सोमवारी बघू."

मोटारसायकलचा आवाज उसापलीकडं विरत गेला.

शिजवा म्हणे. हौसरावांनी जन्मात खरवस केला नव्हता. केलेला खाल्ला होता. साखरबाई काय करायची ते त्यांनी आठवून पाहिलं, तर तिचा हात आठवायचा, माप आठवेना. चिकात थोडं दूध घातलं. गूळ किसला, चाखला, आणखी किसला. जायफळ सापडलं ते तिच्याच डब्यात, चिंधीत बांधलेलं. मोठ्या पातेल्यात पाणी, वर डबा, झाकणावर वरवंटा. वाफेनं खिडकीची काच भरली. काही वेळानं त्यांनी सुरीचं टोक खुपसलं, ते कोरडं बाहेर आलं. जमला होता. कडेला जरा जाळी पडलेली, पण जमला होता.

आता तो उद्यापर्यंत टिकायला हवा होता. डबा निवला तसा त्यांनी फ्रिजमध्ये ठेवला, स्टॅबिलायझर जुन्या खिळ्यावर अडकवला आणि पिन घातली. पिवळा दिवा लागला. हौसराव पाटावर बसले.

तेवढ्यात फोन वाजला. नीलम.

"आबा, अहो उद्याचं जरा…" ती म्हणाली आणि थांबली. "आबा? कुठं आहात?"

"घरीच. कुठं जाणार?"

"मग असं काय ऐकू येतंय? म्हणजे काहीच ऐकू येत नाहीये. टीव्ही बिघडला का?"

"बंद ठिवलाय. त्याचा स्टॅबिलायझर जळला. एकच हाय, त्यो फ्रिजला दिला."

"रोज एवढा मोठ्यानं चालू असतो…"

"मी कुठं बघतो गं," हौसराव म्हणाले. "घरात बोलणारं कुणी न्हाई म्हणून लावतो."

बोलून गेले आणि त्यांनाच कसंनुसं झालं. मग फोनमध्ये मागून प्राचीचा आवाज, "आई, काय झालं? आबांना काय झालं?" आणि फोन स्पीकरवर टाकल्याचा खरखराट.

"आबा," प्राची म्हणाली, "चीक अजून आहे?"

"चीक न्हाई. खरवस केलाय."

"कुणी?"

"म्या. दुसरं कोण हाय?"

"जमला?"

"जाळी पडलीय कडंला. आन् फ्रिज चालू झाला तर उद्यापर्यंत ऱ्हाईल. पिवळा दिवा हाय अजून. हिरवा हुईल तवा कळंल मोटर वाचली का ते."

"मग आम्ही थांबतो," प्राची म्हणाली. "फोन ठेवू नका, फ्रिजजवळ धरा."

हौसरावांनी फोन फ्रिजच्या दाराशी धरला. वस्तीवर अंधारून येत होतं. दौंडमधून कुठल्यातरी गाडीचा भोंगा बारीक ऐकू आला. म्हणजे त्या दोघी खरंच तिथं होत्या, काही न बोलता.

टक्. हिरवा.

क्षणभर काहीच नाही. मग फ्रिजनं अंग झटकलं, आतून एक खोल घरघर सुरू झाली आणि थांबली नाही. हूं नाही, दुसरं टक् नाही. सरळ, एकसारखी घरघर.

"झाला ना चालू?" नीलमनं विचारलं.

"झाला."

"यांची ड्यूटीच आहे उद्या. आम्ही दोघीच येतो, सकाळच्या एसटीनं. आणि आबा, तोवर बोट लावू नका."

"न्हाई लावत," हौसराव म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांचा हात सवयीनं रिमोटकडं गेला आणि माघारी आला. उसातून वारा फिरला, तसं स्टॅबिलायझरनं आणखी एकदा टक् केलं. या खेपेला हौसरावांनी उठून दिवा बघितला. हिरवाच होता. मग पाट ओढून ते तिथंच, फ्रिजला पाठ टेकून बसले. पाठीला थोडी ऊब लागत होती.