रुखमाची लूना आणि पाहुण्यांची ओळ

रुखमाला लूना हवी होती. कोळसा खाणीच्या हिशेब कार्यालयात ती रोज चालत जायची आणि चालता चालता मनातल्या मनात लाल लूनावर बसायची. नवरा गुलाब म्हणायचा, "घरखर्चच आवरत नाई आपला, गाडी कुठून आणू?"

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशीत, कार्यालयात संगणक आला. पाच वाजल्यानंतर शिकायची परवानगी साहेबांनी दिली आणि रुखमाने लोटस नावाच्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये चक्क स्वतःचं घर मांडलं. महिन्याखाली महिना. प्रत्येकात किराणा, दूध, पाहुणे, गुलाबचा सुपारी-तंबाखूचा खर्रा अशा ओळी आणि शेवटी एकूण. मागची शिल्लक, या महिन्याची ठरलेली रक्कम, खर्च, उरले असे रकाने. जे उरेल ते आपोआप पुढच्या महिन्याच्या 'मागची शिल्लक'मध्ये जाऊन बसायचं. शेवटच्या रकान्यात सूत्र घालून केलेला इशारा: खर्च हाताबाहेर गेला की इंग्रजी अक्षरांत JASTI उमटायचं.

गुलाब खूश होऊन पैजेला उभा राहिला. खर्र्याची ओळ त्याची, बाकी साऱ्या तिच्या. ऑक्टोबरपर्यंत तिच्या ओळीत JASTI आलं तर लूनाचं नाव काढायचं नाही. त्याच्या ओळीत आलं तर लूना. जूनमध्ये त्याने खर्र्याच्या चाळिसाऐवजी सत्तर उडवले आणि JASTI आलं, पण "पह्यला महिना शिकाचा, पैज जुलैपासून," म्हणून तो सुटला. पुढे मात्र पठ्ठ्या दर महिन्याला बरोब्बर चाळीसच खायचा.

रुखमाही जपून होती. पण ऑक्टोबरात दीक्षाभूमीचा सोहळा आला आणि कुरखेड्याकडचे सारे नातलग चंद्रपुरात तिच्या दोन खोल्यांत उतरले. जयभीम घालत एकेक जण आत येई आणि रुखमा कणीक वाढवत जाई. मजा तर अशी आली की विचारू नका! पण पाहुण्यांवर दोनशे पंच्याऐंशी रुपये गेले.

सोमवारी ते आकडे भरायला ती निघाली तर साऱ्यांनाच मशीन पाहायची होती. संगणकाच्या खोलीत चपला घालून जायची बंदी. दाराशी चपलांचा असा ढीग झाला की डोमा शिपाई बापडा त्यातच अडकून पडला. आत एसीच्या गारव्यात सारे अंग चोरून उभे राहिले. रुखमाने आकडा दाबला.

पाहुण्यांच्या ओळीत JASTI.

"काय लिवलं व्हय?" गुलाबच्या काकांनी, लहानूकाकांनी विचारलं.

"पाहुण्यांवर खर्च जास्ती झाला म्हणते!" गुलाबने टाळी वाजवली. "गेली लूना!"

लहानूकाका टोपी काढून म्हणाले, "मंग आमी आजच्या गाडीनं निघतो, सूनबाई."

लूना गेली ती गेली, वर पाहुण्यांचा अपमान! रुखमाने पुन्हा ती ओळ वाचली. मागची शिल्लक दोनशे चाळीस, या महिन्याचे साठ, खर्च दोनशे पंच्याऐंशी, उरले पंधरा. उरले आहेत, तर जास्ती कसं?

"थांबा, काकाजी! कुठी जाता?" ती ओरडली. "माहीच चूक हाय! मशीनले फक्त या महिन्याचे साठ पाहाले सांगितलं मी. चार महिने तुमच्यासाठी साठवलं, ते कोण पाह्यन?"

"पैज हरल्यावर सूत्र बदलून राह्यली!" गुलाब गरजला.

"काकाजी, तुमीच सांगा. मागचे पैसे मोजाचे का नाई?"

काकांनी टोपी परत घातली. "काऊन नाई? ते का पळून गेले? मोज, बाई."

रुखमाने सूत्र दुरुस्त केलं: खर्चाची तुलना आता मागची शिल्लक आणि या महिन्याची रक्कम यांच्या बेरजेशी. मग तेच सूत्र साऱ्या महिन्यांच्या साऱ्या ओळींत उतरवलं. नियम एकाच ओळीपुरता बदलला असता तर ती लबाडी झाली असती. पाहुण्यांसमोरचं JASTI नाहीसं झालं आणि खोलीत असा गलका उठला की बाहेर डोमा दचकला.

तेवढ्यात तिची नजर एक ओळ खाली गेली, मग वरच्या महिन्यांवर. तिने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून फुटलंच.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. खर्र्यासमोर सगळीकडे JASTI!

"मी तर चाळीसच खाल्ले!" गुलाब किंचाळला.

"जूनमधी तीस जास्तीचे खाल्ले ना? ते वजा होऊन पुढं आले. हातात दहाच, खाल्ले चाळीस. दर महिन्याले तेच. 'उरले' खाली वजा तीस दिसतच होतं, आपण पाह्यलंच नाई."

गुलाबने पडद्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. खिशातून डोकावणारी खर्र्याची पुडी त्याने हळूच आत ढकलली.

"मागचं मोजाचं म्हणून मीच सांगितलं, बापू," काका म्हणाले. "दुकान उघडं असन का आता?"

आणि सारी वरात, निम्म्या जणांच्या पायांत दुसऱ्याच्याच चपला, लूना पाहायला निघाली.